आधी पासंग, मग माप

अकरावीची भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिकं सुरू होताना मुलांच्या हातात एक छापील पान दिलं जातं. त्यावर चार आकृत्या असतात. पहिल्या आकृतीत व्हर्निअर कॅलिपरचे जबडे रिकामे मिटलेले असतात, दुसरीत त्याच जबड्यांत एक पितळी गोळा धरलेला असतो. तिसरीत रिकामं मिटलेलं स्क्रू गेज, चौथीत त्याच गेजमध्ये पकडलेली तार. प्रत्येक जोडीखाली तीन रिकाम्या जागा: लघुतम माप, शून्य त्रुटी, दुरुस्त माप.

अशी पानं मी बरीच वर्षं तपासली. बेरीज-वजाबाकीत मुलं क्वचितच चुकतात. ती अडखळतात दोनच ठिकाणी. आकृतीतल्या दोन पट्ट्यांवरची नेमकी कुठली रेघ वाचायची, हे पहिलं. आणि शून्य त्रुटी मिळवायची की वजा करायची, हे दुसरं. या दोन्ही गोष्टी पाठ करून घेतल्या जातात म्हणून त्या विसरल्या जातात. एकदा कारण कळलं की पाठ करण्यासारखं त्यात काही उरत नाही.

एका मुलीचे वडील पालकसभेला आले होते. ते लेथवर काम करणारे टर्नर. तिचं पान हातात घेऊन ते म्हणाले, “सर, आमच्याकडे नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी त्याला काही मोजायला देत नाही. जबडे फडक्यानं पूस, मिटव आणि शून्य कुठं बसतं ते सांग, एवढंच काम. हिनं गोळा आधी वाचला आणि शून्य शेवटी.” खरं होतं. मुलीनं दुसरी आकृती आधी सोडवली होती, आणि पहिली आकृती गुण मिळवण्यापुरती नंतर भरली होती.

जुन्या दुकानदाराला ही गोष्ट सांगावी लागत नसे. दोन पारड्यांचा तराजू रिकामा उचलला आणि एक पारडं खाली गेलं, तर तराजूला पासंग आहे असं म्हणत. तो पासंग आधी काढायचा, मग माल तोलायचा. मोजण्याच्या साधनातली शून्य त्रुटी म्हणजे हाच पासंग. रिकामं साधन जे काही दाखवतं, ते त्याचं स्वतःचं असतं, वस्तूचं नसतं.

तरी त्या पासंगाकडे वळण्याआधी पट्टी वाचता आली पाहिजे, म्हणून सुरुवात गोळ्याच्या आकृतीनं करतो.

व्हर्निअरला दोन पट्ट्या असतात. वरची मुख्य पट्टी स्थिर, तिच्यावर मिलिमीटरच्या रेघा. खालची व्हर्निअर पट्टी जबड्याबरोबर सरकते. शाळा-कॉलेजातल्या नेहमीच्या साधनात या खालच्या पट्टीवर दहा घरं असतात आणि त्या दहा घरांची एकूण लांबी बरोबर ९ मिमी असते. म्हणजे वरचं घर १ मिमीचं आणि खालचं ०.९ मिमीचं. दोन्हींतला फरक ०.१ मिमी, म्हणजे ०.०१ सेंमी. हेच लघुतम माप.

हा फरक कामाला कसा येतो ते डोळ्यांसमोर आणून बघा. दोन्ही पट्ट्यांची शून्यं जुळलेली आहेत. खालची पहिली रेघ वरच्या पहिल्या रेघेच्या ०.१ मिमी मागे आहे, दुसरी दुसऱ्या रेघेच्या ०.२ मिमी मागे, तिसरी ०.३ मिमी मागे. आता खालची पट्टी उजवीकडे ०.१ मिमी सरकवली तर पहिली रेघ आपलं अंतर भरून काढते आणि वरच्या रेघेला जुळते. ०.२ मिमी सरकवली तर पहिली पुढे निघून जाते आणि दुसरी जुळते. ०.७ मिमी सरकवली तर सातवी. म्हणून खालच्या पट्टीवरची कितवी रेघ जुळली, एवढंच विचारायचं असतं. तिचा क्रमांक म्हणजे शून्य जितके दशांश मिलिमीटर पुढे गेलं आहे तो आकडा.

या युक्तीमागे डोळ्याचा एक गुण आहे. मिलिमीटरच्या घरात एखादी रेघ ०.६ वर आहे की ०.७ वर, हे नुसत्या नजरेनं खात्रीनं सांगता येत नाही. पण दोन रेघा एकमेकींच्या सरळ रेषेत आहेत की किंचित सरकलेल्या, हे आपल्याला विलक्षण नेमकं कळतं. अगदी जवळचे दोन ठिपके वेगळे ओळखण्याची जी डोळ्याची नेहमीची क्षमता असते, तिच्या कित्येक पट बारीक हे सरकणं आपण टिपतो. पियर व्हर्निअर या फ्रेंच गणितज्ञानं १६३१ मध्ये ब्रसेल्समध्ये छापलेल्या पुस्तकात ही पट्टी मांडली. ती कोन मोजायच्या साधनासाठी होती. अर्ध्या अंशाच्या घरांमधून तिनं एक मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, वाचता येत असे. अंदाजाचं काम काढून घेऊन डोळ्याला जमणारं काम त्याच्यापुढे ठेवणं, हीच त्या पट्टीतली हुशारी.

आता दुसरी आकृती. व्हर्निअरचं शून्य मुख्य पट्टीवर २.४ आणि २.५ सेंमीच्या मध्ये कुठेतरी आहे. खालची सातवी रेघ वरच्या एका रेघेला जुळली आहे. वाचायचं असं: शून्याच्या लगेच डावीकडची मुख्य रेघ २.४ सेंमी, हे मुख्य पट्टीवरचं माप. सातवी रेघ जुळली, म्हणून ७ × ०.०१ = ०.०७ सेंमी. एकूण २.४७ सेंमी.

इथे सर्वांत जास्त होणारी चूक सांगतो. जुळलेल्या सातव्या रेघेच्या वर मुख्य पट्टीवर ३.१ सेंमीची रेघ असते. मुलाचं लक्ष जुळण्याच्या जागेवर खिळलेलं असतं, त्यामुळे ते ३.१ हेच मुख्य पट्टीचं माप म्हणून लिहितं आणि त्यात ०.०७ मिळवून ३.१७ सेंमी असं उत्तर देतं. मुख्य पट्टीवर वाचायचं ते व्हर्निअरच्या शून्यापाशी. जुळलेल्या जागी फक्त खालच्या पट्टीचा क्रमांक घ्यायचा. तिथला वरचा आकडा मापात कुठेच येत नाही.

तो आकडा मापात येत नसला तरी एका कामाला मात्र फार चांगला आहे, आणि हे पुस्तकांत सहसा लिहिलेलं नसतं. शून्य २४ मिमीच्या पुढे ०.७ मिमी, म्हणजे २४.७ वर आहे. सातवी रेघ त्याच्यापुढे सात घरं, म्हणजे ७ × ०.९ = ६.३ मिमी. बेरीज बरोबर ३१. थोडक्यात, मुख्य मापाच्या मिलिमीटरमध्ये जुळलेल्या रेघेचा क्रमांक मिळवला की जुळलेली मुख्य रेघ आलीच पाहिजे: २४ आणि ७ मिळून ३१. नऊ मिलिमीटरमध्ये दहा घरं असलेल्या कुठल्याही आकृतीत हा ताळा बसतो. बसला नाही तर तुम्ही शून्यापाशी एक रेघ चुकीची धरली आहे, किंवा जुळणी शेजारच्या रेघेची आहे, किंवा आकृतीच चुकीची काढली आहे. ही शेवटची शक्यता दुर्मीळ नाही. घाईत काढलेल्या आकृत्यांत खालची घरंही वरच्याइतकीच रुंद काढलेली असतात आणि सातवी रेघ जुळावी म्हणून पट्टी हवी तशी सरकवलेली असते. अशा आकृतीत एक रेघ जुळली की सगळ्याच जुळतात. बारकाईनं बघणारं मूल तिथे अडतं, आणि ते अडतं यात त्याची काही चूक नाही.

झेरॉक्सवर रेघा जाड झाल्या की सहावी आणि सातवी दोन्ही जुळल्यासारख्या दिसतात. तेव्हा शेजारणी बघाव्यात. सातवी खरोखर जुळली असेल तर सहावी तिच्या मुख्य रेघेच्या किंचित उजवीकडे असते आणि आठवी तितकीच डावीकडे. दोन्ही बाजूंचं हे सरकणं जिच्याभोवती सारखं दिसतं, ती खरी जुळलेली रेघ. जाड छपाईतही ही खूण टिकते.

आता पहिल्या आकृतीकडे, म्हणजे पासंगाकडे. जबडे मिटलेले आहेत, मध्ये काही नाही. तरीही व्हर्निअरचं शून्य मुख्य शून्याच्या थोडं उजवीकडे आहे आणि तिसरी रेघ जुळली आहे. वाचन अगदी गोळ्यासारखंच करायचं. शून्याच्या डावीकडची मुख्य रेघ ०, जुळलेली रेघ तिसरी, म्हणून माप ०.०३ सेंमी. ताळाही बसतो: ० आणि ३ मिळून ३, आणि तिसरी रेघ खरंच मुख्य पट्टीच्या ३ मिमीलाच जुळलेली असते. काहीही धरलेलं नसताना साधन ०.०३ सेंमी दाखवतंय. मग गोळा धरल्यावर दिसलेल्या २.४७ मध्येही ते ०.०३ सेंमी घुसलेले आहेत. ते काढून टाकले की गोळ्याचा खरा व्यास २.४४ सेंमी.

चिन्हांचा गोंधळ होतो तो दुसऱ्या प्रकारात. जबडे मिटल्यावर व्हर्निअरचं शून्य मुख्य शून्याच्या डावीकडे गेलेलं असतं आणि, समजा, सहावी रेघ जुळलेली असते. अशा वेळी मुलांना नियम शिकवला जातो: दहातून जुळलेल्या रेघेचा क्रमांक वजा करा, लघुतम मापानं गुणा आणि ऋण चिन्ह द्या. १० वजा ६ म्हणजे ४, म्हणून त्रुटी −०.०४ सेंमी. उत्तर बरोबर येतं, पण दहातून का वजा करायचं, हे बहुतेकांना सांगता येत नाही. म्हणून परीक्षेच्या दिवशी कुणी −०.०६ लिहितं आणि कुणी चिन्हच विसरतं.

नवीन नियमाची गरजच नाही. जुनाच नियम लावा: व्हर्निअरच्या शून्याच्या लगेच डावीकडची मुख्य रेघ कोणती? मुख्य पट्टी शून्याच्या डावीकडे आणखी एक घर पुढे चालू आहे अशी कल्पना करा. तिथली रेघ −१ मिमीची. तिच्यापासून पुढे सहावी रेघ जुळली, म्हणजे ०.६ मिमी. −१ अधिक ०.६ म्हणजे −०.४ मिमी, अर्थात −०.०४ सेंमी. दहातून सहा वजा करण्याचा नियम इथूनच आला आहे. ताळासुद्धा मोडत नाही: −१ आणि ६ मिळून ५, आणि सहावी रेघ मुख्य पट्टीच्या ५ मिमीलाच जुळलेली दिसते. याच साधनात गोळ्याचं माप २.४७ दिसलं असतं, तर खरा व्यास २.४७ − (−०.०४), म्हणजे २.५१ सेंमी. रिकामं असताना साधन कमी दाखवत होतं, म्हणून गोळाही त्यानं कमीच दाखवला.

वर्गात शून्य त्रुटी आणि शून्य दुरुस्ती हे दोन्ही शब्द वापरले जातात आणि त्यांची चिन्हं उलट असतात. त्रुटी +०.०३ असेल तर दुरुस्ती −०.०३. एका शिक्षकांनी ‘त्रुटी वजा करा’ शिकवलेलं असतं आणि जर्नलच्या तक्त्यात ‘दुरुस्ती मिळवा’ छापलेलं असतं. दोन्ही बरोबर आहेत, पण एकाच गणितात मिसळले की उत्तर दुप्पट चुकतं. मी मुलांना एकच शब्द धरायला सांगतो: त्रुटी, आणि ती तिच्या चिन्हासकट कंसात लिहून दिसलेल्या मापातून वजा करायची. कंस लिहिला की चिन्ह हरवत नाही.

त्या टर्नर वडिलांनी पानाबद्दल आणखी एक गोष्ट विचारली होती: “आमचं व्हर्निअर तर शून्य पूर्णांक शून्य दोनचं. हिचं शून्य पूर्णांक शून्य एकचं कसं?” त्यांच्या साधनात खालच्या पट्टीवर पन्नास घरं असतात आणि ती ४९ मिमीमध्ये बसवलेली असतात. फरक १ मिमी भागिले ५०, म्हणजे ०.०२ मिमी. कॉलेजातल्या साधनाचं लघुतम माप ०.०१ सेंमी, म्हणजे ०.१ मिमी. वर्कशॉपचं व्हर्निअर पाचपट बारीक आहे, फक्त बोलताना दोघांनीही एकक गाळलं होतं. पानावर पन्नास घरांची आकृती आली तर एक सावधगिरी हवी. त्या पट्टीवर दर पाचव्या रेघेला १, २, ३ असे आकडे छापलेले असतात आणि ते सरळ दशांश मिलिमीटर असतात. ३ या आकड्यापुढची दुसरी रेघ जुळली तर ती सतरावी रेघ, म्हणून १७ × ०.०२ = ०.३४ मिमी. छापलेल्या ३ ला रेघेचा क्रमांक समजून ०.०२ नं गुणणं ही तिथली ठरलेली चूक.

स्क्रू गेजमध्ये तत्त्व वेगळं आहे. तिथे जुळणी शोधायची नसते, लहान सरकणं मोठं करून दाखवायचं असतं. स्क्रूची एक पूर्ण फेरी झाली की तो जितका पुढे जातो त्याला पिच म्हणतात. पानावर बहुधा लिहिलेलं असतं, ‘पाच फेऱ्यांत स्क्रू २.५ मिमी सरकतो’. म्हणजे पिच ०.५ मिमी. फिरणाऱ्या थिंबलच्या कडेवर पन्नास घरं आहेत, म्हणून एक घर फिरवलं की स्क्रू ०.५ भागिले ५०, म्हणजे ०.०१ मिमी सरकतो. काही प्रयोगशाळांत पिच १ मिमी आणि घरं शंभर असलेलं गेज असतं. त्याचंही लघुतम माप ०.०१ मिमीच येतं. आकडा सारखा दिसला तरी हे व्हर्निअरचं ०.०१ नव्हे. तिथे सेंटिमीटर होते, इथे मिलिमीटर आहेत. एकाच पानावर दोन्ही साधनं आली की दहापटीची चूक इथेच शिरते, म्हणून लघुतम मापाशेजारी एकक लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तिसरी आकृती: गेज रिकामं मिटलेलं, आणि आडव्या आधाररेषेसमोर थिंबलवरचं शून्य नसून ४७ आहे. हे अधिक ०.४७ मिमी नव्हे. स्क्रू मिटवताना आधाररेषेसमोरून आकडे उतरत जातात, जसे ३, २, १, मग ०. दोन्ही टोकं शून्यावरच टेकायला हवी होती, पण ती टेकली नाहीत. स्क्रू आणखी पुढे गेला, आणि ४९, ४८ असं करत ४७ वर थांबला. तो शून्य ओलांडून तीन घरं पुढे गेला आहे. म्हणून त्रुटी −०.०३ मिमी. नेहमीच्या आकृतीत, जिथे थिंबलवरचे आकडे खालून वर वाढत जातात, तिथे याची सोपी खूण अशी की शून्य आधाररेषेच्या वर गेलेलं असतं. ते खाली राहिलं असेल तर स्क्रू शून्यापर्यंत पोचलाच नाही आणि त्रुटी धन आहे. खूण विसरली तरी चालेल. मिटवताना आकडे उतरतात एवढं लक्षात असलं तरी पुरे.

चौथ्या आकृतीत तार आहे. स्थिर नळीवर आधाररेषेच्या एका बाजूला पूर्ण मिलिमीटरच्या रेघा असतात आणि दुसऱ्या बाजूला अर्ध्या मिलिमीटरच्या. आकृतीत शून्याची रेघ उघडी आहे, त्यानंतरची अर्ध्या मिलिमीटरची रेघही उघडी पडली आहे, आणि एक मिलिमीटरची अजून थिंबलखाली झाकलेली आहे. आधाररेषेसमोर थिंबलचं १८ आहे. माप: ०.५ अधिक १८ × ०.०१, म्हणजे ०.६८ मिमी. त्यातून त्रुटी वजा करा: ०.६८ − (−०.०३) = ०.७१ मिमी.

अर्ध्या रेघेकडे दुर्लक्ष झालं तर उत्तर ०.१८ पासून सुरू होतं आणि तार केसाच्या जातीची ठरते. ही चूक निदान डोळ्यात भरते. फसवी असते ती कडेवरची आकृती, जिथे थिंबलवर ४८ आहे आणि अर्ध्या रेघेची कड नुकती दिसू लागली आहे. रेघ दिसते म्हणून मूल ०.५ धरतं आणि ०.९८ लिहितं. खरं माप ०.४८ असतं. पन्नासाव्या घरावर फेरी पुरी होते आणि मगच अर्धा मिलिमीटर ओलांडला जातो. थिंबलवर ४५ च्या पुढचा आकडा असताना नुकती डोकावणारी रेघ अजून ओलांडलेली नसते. ती रेघेच्या स्वतःच्या जाडीमुळे आधीच दिसू लागते. उलट थिंबलवर २ किंवा ३ असेल आणि रेघ जेमतेम दिसत असेल, तर ती ओलांडलेली आहे. स्थिर नळीवरची शंका नेहमी थिंबलचा आकडा बघून सोडवावी.

०.७१ हा आकडा मी आकृतीत मुद्दाम आणला. प्रयोगशाळेत रोधाच्या प्रयोगाला वापरतात त्या बावीस नंबरच्या तारेचा व्यास ब्रिटिश तार-मानकानुसार ०.७११ मिमी असतो. आता कुणी ऋण त्रुटी चुकून आणखी वजा केली, तर व्यास ०.६५ मिमी येतो. फरक सहा शतांश मिलिमीटरचा, कागदावर क्षुल्लक वाटणारा. पण रोधकता काढताना तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ लागतं आणि त्यात व्यासाचा वर्ग येतो. ०.६५ चा वर्ग ०.४२२५, ०.७१ चा ०.५०४१. क्षेत्रफळ सोळा टक्क्यांनी कमी भरतं आणि रोधकताही तितकीच कमी येते. मग बॅटरी, जोडण्या, तारेची लांबी या सगळ्यांवर संशय जातो. खरी चूक पहिल्या पानावरच्या एका चिन्हात असते.

छापील आकृतीत काही गोष्टी दिसत नाहीत. स्क्रू आणि त्याच्या आट्यांमध्ये थोडी ढील असते. त्यामुळे पुढे-मागे फिरवत वाचन घेतलं तर काही घरं नुसतीच फिरतात आणि स्क्रू जागचा हलत नाही. म्हणून प्रत्यक्षात स्क्रू एकाच दिशेनं आणायचा आणि शेवटी रॅचेटनं, टक-टक आवाज येईपर्यंत, टेकवायचा. तार तंतोतंत गोल नसते, म्हणून एकाच जागी काटकोनात दोन वाचनं घ्यायची. त्रुटीसुद्धा कायमची नसते. साधन पडलं, टोकांवर धूळ बसली की ती बदलते. म्हणून गेल्या आठवड्यातली त्रुटी या आठवड्याच्या तक्त्यात उतरवू नये.

लिहिण्यातला एक मुद्दा राहिला. ०.०१ सेंमी लघुतम मापाच्या व्हर्निअरवर गोळ्याचं दुरुस्त माप नेमकं अडीच सेंटिमीटर आलं, तर ते २.५० असं लिहावं. त्या शेवटच्या शून्यानं शतांशापर्यंत वाचलं असल्याचं सांगितलं जातं, नुसतं २.५ लिहिलं तर ते साध्या पट्टीनं मोजल्यासारखं दिसतं. आणि गणकयंत्रानं २.४४३३ दिलं तरी शतांशापुढचे आकडे या साधनातून आलेले नाहीत, ते ठेवू नयेत.

ही पानं तयार करणाऱ्या माझ्या शिक्षकमित्रांना माझी एक विनंती आहे. पुढच्या वर्षीचं पान छापायला देण्याआधी प्रत्येक व्हर्निअर आकृतीवर तो ताळा लावून बघा: शून्यापाशीचे मिलिमीटर आणि जुळलेल्या रेघेचा क्रमांक यांची बेरीज, जुळलेल्या मुख्य रेघेइतकी. जिथे ती बसत नाही ती आकृती पुन्हा काढा. आणि मिटलेल्या जबड्यांची आकृती पानावर सर्वांत वर, एकटी ठेवा, म्हणजे मूल गोळ्याकडे जाण्याआधी तिच्यावर थांबेल.